दाढेच्या मुळात मोडलेली फाइल

समजा, खालच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल चालू आहे आणि पुढच्या मुळातल्या अरुंद, वाकड्या कॅनालमध्ये मशीनवर फिरणाऱ्या फाइलचं टोक मोडलं. एक्स-रेत वळणाच्या खाली 3 मिलिमीटरचा तुकडा दिसतो. तो काढलाच पाहिजे, असं रुग्णाला वाटणं साहजिक आहे. पण प्रत्येक वेळी ते हिताचं नसतं.

ही फाइल निकेल-टायटॅनियमची, मिनिटाला साधारण 300 फेरे घेणारी. वळणावर प्रत्येक फेऱ्यात तिची एकच बाजू आळीपाळीने ताणली आणि दाबली जाते. तार वाकवून-वाकवून तोडावी तसा धातू आतून थकतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दुसरा प्रकार पिळाचा. टोक अडकतं, वरचा भाग मात्र मोटर फिरवतच राहते. अशा फाइलचे आटे तुटण्यापूर्वी बऱ्याचदा उलगडतात, म्हणून ती दरवेळी बाहेर काढून नीट पाहायची असते. आधी 10 आणि 15 नंबरच्या हातफाइलने वाट मोकळी केली, की हा दुसरा धोका बराच कमी होतो.

तुकडा वळणाच्या वर असेल आणि मायक्रोस्कोपखाली दिसत असेल, तर काढण्याचा प्रयत्न योग्य. त्याच्या डोक्याभोवतीचं डेंटिन बारीक अल्ट्रासॉनिक टोकाने, थांबत-थांबत कोरतात, आणि तुकडा सैल होऊन वर येतो. बाकीच्या कॅनालची तोंडं आधी कापसाने बंद करतात, नाहीतर सुटलेला तुकडा त्यांपैकी एकात पडायचा. खर्ची पडतं ते मुळाचं डेंटिन. या मुळाची मागची भिंत मुळातच पातळ. जास्त कोरलं तर तिला भोक पडतं किंवा पुढे मूळ तडकतं, आणि मग दाढच जाते.

आपल्या उदाहरणात तुकडा वळणापलीकडे आहे, म्हणून मी बगल देण्याच्या बाजूने आहे. कॅनाल क्वचितच अगदी गोल असतो, त्यामुळे तुकड्याशेजारी फट राहू शकते. 8 किंवा 10 नंबरच्या हातफाइलचं टोक किंचित वाकवून ती फट हलक्या हाताने शोधतात. फाइल घट्ट धरली गेल्यासारखी लागली तर वाट सापडली. कडक भिंतीवर आपटली तर थांबायचं, कारण जोर केला की खोटी वाट पडते. फाइल पार गेली की एक्स-रे काढून खात्री करतात, पुढची सफाई हातानेच करतात आणि तुकडा भरावातच राहतो. या मुळातले दोन कॅनाल कधी टोकाजवळ एकत्र येतात. तसं असेल तर शेजारच्या कॅनालमधूनही शेवटचा भाग साफ होतो.

दोन्ही जमलं नाही तर प्रश्न जंतूंचा उरतो, कारण धातू स्वतः फारसा त्रास देत नाही. नस जिवंत होती किंवा सफाई जवळपास संपली होती, तर तुकड्यापर्यंत भरून लक्ष ठेवता येतं. मुळाच्या टोकाशी आधीच काळी सावली असेल, तर बरं होण्याची शक्यता घटते. अशा रुग्णाला तुकड्याची गोष्ट त्याच दिवशी सांगून एक्स-रे दाखवायला हवा आणि सहा महिन्यांनी, मग वर्षाने पुन्हा तपासायला हवं. सावली वाढली किंवा सूज आली, तर मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया करता येते.