लिस्ट लागली, आता काय लिहायचं?

सरकारी बँकेत बढतीच्या मुलाखती संपल्या की सगळे लिस्टची वाट पाहतात. लिस्ट लागते त्या दिवशी शाखेचा व्हॉट्सॲप ग्रुप अभिनंदनांनी भरून जातो. हार, पेढे आणि टाळ्यांची चित्रं येतात, ‘काँग्रॅट्स’ आणि ‘वेल डिझर्व्ड’ येतं, ‘पार्टी कधी?’ हेही येतं. त्यात वाईट काही नाही. पण ज्यांना बढती मिळाली त्यांना आठवड्यानंतर विचारलं, तर या साठ-सत्तर निरोपांपैकी एखादाच आठवतो. तो नेमका कुणीतरी चार ओळी विचार करून लिहिलेला असतो. त्या चार ओळी कशा लिहायच्या आणि त्याच आनंदाचा निरोप सहकाऱ्याच्या घरी मराठीत कसा पोचवायचा, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, मनीषा नावाची सहकारी स्केल टूमध्ये मॅनेजर आहे आणि आता तिला स्केल थ्री मिळालं आहे. बहुतेक सरकारी बँकांत या पदाला सीनियर मॅनेजर म्हणतात. पोस्टिंग भोपाळला. तुम्ही तिच्याच शाखेत, तिच्याच दर्जाचे. नुसतं ‘अभिनंदन’ म्हणून थांबायचं नाही, तर तुम्ही स्वतः पाहिलेली अशी तिची एक गोष्ट शोधायची. ‘मेहनती’, ‘हुशार’, ‘डायनॅमिक’ ही विशेषणं कुणालाही लागू पडतात, म्हणून कुणालाच लागत नाहीत. पाहिलेला प्रसंग मात्र तिचा एकटीचा असतो.

असा प्रसंग आठवायला फार लांब जावं लागत नाही. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला शाखेत येतात. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, पण अनेकांना ते माहीत नसतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काउंटरसमोर काठ्यांची गर्दी होते. गेल्या वर्षी मनीषाने त्यांच्यासाठी दारापाशी वेगळं टेबल मांडलं, खुर्च्या ठेवल्या आणि अंगठ्याचा ठसा यंत्रात उमटत नसेल तर कागदी फॉर्म तिथेच भरून घेण्याची सोय केली. तुम्ही हे रोज पाहिलंत. मेलमध्ये हेच जायला हवं.

```
Subject: Congratulations on your promotion

Dear Manisha,

Congratulations on your promotion to Senior Manager.
I still remember the separate desk you set up for
pensioners last November. Nobody over eighty had to
stand in a queue, and the rest of us learnt from it.
We will miss you at this branch, and I wish you
a very good start in Bhopal.

Warm regards,
```

मेल एवढीच. पहिल्या वाक्यात अभिनंदन आणि नेमकं पद, मग पाहिलेली गोष्ट आणि तिचा परिणाम, शेवटी पुढच्या वाटचालीसाठी एक वाक्य. जिव्हाळा मधल्या दोन वाक्यांतून येतो आणि व्यावसायिकपणा लांबी आवरल्यामुळे टिकतो. उद्गारचिन्ह एकही नाही. एखादं चालेल, पण तीन-तीन लागली की मेलचा ग्रुपवरचा मेसेज होतो.

व्याकरणाची एक जागा मराठी माणसाला हमखास अडवते. आपण ‘बढतीबद्दल अभिनंदन’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत हात आपोआप ‘फॉर’कडे जातो. ऑफिसच्या लिखाणात तिथे ‘ऑन’ ठेवावं, मेलमध्ये आहे तसं. ‘मेनी मेनी काँग्रॅच्युलेशन्स’ आपल्याकडे सर्रास लिहितात आणि वाचणाऱ्याला ते खटकत नाही. पण मेल भोपाळच्या विभागीय कार्यालयापर्यंत पुढे पाठवली जाणार असेल, तर साधं एकदाच लिहिलेलं बरं. ‘रिस्पेक्टेड मॅडम’ बरोबरीच्या सहकाऱ्याला नको, ते अंतर वाढवतं. शेवटी ‘वॉर्म रिगार्ड्स’ पुरतं.

व्याकरणापेक्षा जास्त दुखवणारे काही शब्द आहेत आणि ते चांगल्या मनाने लिहिले जातात. ‘फायनली’ हा त्यातला पहिला. ‘अखेर मिळालं एकदाचं’ असं लिहिणाऱ्याला तिची बाजू घ्यायची असते, पण वाचणाऱ्याला आधीच्या दोन लिस्टांत नाव नव्हतं ते आठवतं. ‘तुझ्याइतकी लायक कुणीच नव्हती’ हे ग्रुपवर लिहिलं, तर त्याच ग्रुपवर नाव न लागलेला माणूसही ते वाचतो. ‘लकी’ म्हटलं की अभ्यास आणि मुलाखत दोन्ही पुसून जातात. ‘आय ॲम प्राउड ऑफ यू’ वरिष्ठाने लिहिलं तर शोभतं. कनिष्ठाने वरिष्ठाला लिहिलं तर पाठीवर थाप मारल्यासारखं वाटतं. कनिष्ठाने त्याऐवजी आपण त्यांच्याकडून काय शिकलो ते सांगावं. आणि स्त्री सहकाऱ्याला ‘घर, मुलं सांभाळून तुम्ही हे केलंत’ असं लिहिण्याचा मोह टाळावा. पुरुष सहकाऱ्याला हे वाक्य कधी कुणी लिहीत नाही. तिने कर्जाच्या फाइली आणि पेन्शनरांची रांग सांभाळली, बढती त्यासाठी आहे.

मेल एकट्या तिलाच जावी. सर्व शाखांना आलेल्या परिपत्रकावर ‘रिप्लाय ऑल’ करून अभिनंदन केलं की ते शेकडो अनोळखी लोकांच्या इनबॉक्समध्ये पडतं आणि तिच्यापर्यंत पोचताना त्याची ऊब निघून जाते. पाठवायची ती लिस्ट अधिकृतपणे लागल्यावर, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. मुलाखत चांगली गेल्याचं कानावर आलं म्हणून आधीच लिहिणं धोक्याचं आहे.

आता घरच्यांसाठीचा निरोप. मनीषाचे आईवडील सांगलीत असतात, तुम्ही त्यांना दोन-तीनदा भेटला आहात. तिने तुमची मेल त्यांना दाखवली तर ते ‘छान लिहिलंय’ म्हणतील, पण स्केल थ्री म्हणजे काय ते त्यांना कळेलच असं नाही. म्हणून त्याच मेलचं भाषांतर करून पाठवू नये. ‘तुमच्या मुलीच्या सीनियर मॅनेजर या पदावरील पदोन्नतीबद्दल अभिनंदन’ हे परिपत्रकातलं मराठी झालं. घरच्यांना बँकेत लेक कशी वागते, लोक तिच्याविषयी काय म्हणतात, हे ऐकायचं असतं. ते सांगू शकणारे तुम्हीच.

पण लिहिण्याआधी तिला विचारा. बँकेत बढती बहुतेकदा बदली घेऊन येते आणि काही जण घरची अडचण पाहून बढती नाकारतातही. ती अजून विचार करत असेल, सासरी-माहेरी बोलली नसेल, आणि तुमचा निरोप आधी पोचला, तर आनंदाच्या जागी प्रश्न उभे राहतात. तिने ‘सांगितलंय घरी’ म्हटलं की मगच लिहावं.

> ती. स्व. काका आणि काकू यांना,
> सा. न. वि. वि.
> मनीषा आता सीनियर मॅनेजर झाली. तिचं अभिनंदन आम्ही केलंच, पण तुम्हा दोघांचंही करावंसं वाटलं, म्हणून हे लिहितो आहे. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तिने बँकेत वेगळं टेबल मांडलं, बसायला खुर्च्या ठेवल्या. ८० च्या पुढचं कुणीही रांगेत उभं राहिलं नाही. जाताना कितीतरी आजी-आजोबा ‘त्या बाई कोण?’ म्हणून विचारून गेले. आता ती भोपाळला जाईल. आमच्या शाखेला तिची उणीव जाणवेल, पण तिथल्या लोकांचं भलं होईल. तुम्हाला इथे काही लागलं तर हक्काने सांगा.
> आमच्या सगळ्यांचा नमस्कार.

‘ती. स्व.’ म्हणजे तीर्थस्वरूप. आपल्या स्वतःच्या वडिलांना तीर्थरूप लिहितात आणि वडिलांच्या जागी असलेल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हा मायना वडीलधाऱ्यांसाठी. बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार. हे सगळं कागदी पत्रावर शोभून दिसतं आणि पेढ्यांच्या खोक्यासोबत ते पाठवलं तर सांगलीच्या घरात जपून ठेवलं जाईल. फोनवर पाठवायचं असेल तर मायना सोडून ‘काका, काकू, नमस्कार’ एवढ्यावर सुरुवात करावी. मोबाइलच्या पडद्यावर साष्टांग नमस्कार थोडा अवघडलेला वाटतो.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहा. टेबल दोन्हीकडे आहे. इंग्रजीत त्याच्यापुढे ‘आम्ही त्यातून शिकलो’ आलं, कारण ऑफिसला कामाचा परिणाम समजतो. मराठीत आजी-आजोबा आले, कारण आईला ते डोळ्यांसमोर दिसतात. इंग्रजीत पदाचं नाव मोठं झालं, मराठीत ते एका वाक्यात उरकलं. भोपाळबद्दल इंग्रजीत शुभेच्छा, मराठीत धीर. आईवडिलांच्या दृष्टीने बढतीची बातमी ही लेक लांब जाण्याचीही बातमी असते, म्हणून ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य तिथे आलं. ते लिहायचं तर खरंच मदतीला जाण्याची तयारी हवी, नाहीतर गाळावं. पगार किती वाढला, पुढचं स्केल कधी मिळेल, हे घरच्या निरोपात येऊ देऊ नये. किती सांगायचं ते मनीषा ठरवेल. पेन्शनरांपैकी कुणाचं नाव किंवा खात्याची माहितीही लिहू नये, प्रसंग कितीही हृद्य असला तरी.

मनीषाचं सासर वेगळ्या गावी असेल तर तिथलं काय? तिने सुचवलं तर त्यांनाही लिहावं, पण तोच मजकूर पुढे ढकलू नये. सासू-सासऱ्यांना लिहिताना ‘तुमच्या पाठिंब्यामुळे’ ही ओळ सवयीने येते. पाठिंबा होता हे तुम्हाला माहीत असेल तरच ती लिहावी. माहीत नसेल तर टेबल आणि खुर्च्यांची गोष्ट तिथेही पुरेशी आहे.

आणि एक अवघड वेळ. तुम्हीही त्याच मुलाखतीला बसला होता आणि तुमचं नाव लागलं नाही. अशा वेळी लांब मेल लिहायला घेतली तर एखादा कडू शब्द नकळत शिरतो, नाहीतर कौतुक इतकं वाढतं की ते ओढूनताणून आणलेलं दिसतं. पहिलं वाक्य आणि शुभेच्छेचं वाक्य, एवढं पाठवावं. टेबलाची गोष्ट मागाहून, तिच्या निरोप समारंभात तोंडी सांगावी. तोवर मनही थोडं शांत झालेलं असतं आणि समोर बसून सांगितलेलं तिला जास्त दिवस लक्षात राहतं.