आडनाव बदलताना बँकेला काय लिहावं?

लग्नानंतर मुलीने आडनाव बदललंच पाहिजे, असं कोणताही कायदा सांगत नाही. माहेरचं नाव ठेवायचं असेल तर बँकेत नावासाठी काहीच करावं लागत नाही, खाती आहेत तशी चालू राहतात. पण नाव बदलायचं ठरवलं, की ते अर्धवट बदलून भागत नाही. पगाराच्या खात्यावर नवं नाव, मुदत ठेवीवर जुनं आणि पॅनकार्डावर तिसरंच काहीतरी, अशी स्थिती झाली की प्राप्तिकराचा परतावा अडकतो आणि नव्या नावाने आलेला चेक जुन्या नावाच्या खात्यात जमा होत नाही. हा घोळ बहुधा पैशांची गरज असते तेव्हाच लक्षात येतो. म्हणून सुरुवातीलाच बँकेला एक नीट, पूर्ण पत्र द्यायला हवं.

आपल्याकडे हे काम जरा जास्त किचकट होतं, कारण मराठी नावाचे तीन भाग असतात आणि लग्नानंतर त्यातले दोन बदलतात. उदाहरणासाठी एक काल्पनिक नाव घेऊ. स्नेहल विजय कदम लग्नानंतर स्नेहल अमेय जोशी झाली. घरच्यांसाठी ती तीच स्नेहल आहे. बँकेच्या संगणकाला मात्र तिचं फक्त पहिलं नाव जुळताना दिसतं. हे दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, हे कागदांनी दाखवून द्यावं लागतं.

त्यासाठीचा मुख्य कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. ते महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडून मिळतं. लग्नपत्रिका किंवा कार्यालयाची पावती त्याच्या जागी चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल, तर राज्य सरकारचं विवाह प्रमाणपत्र किंवा नावातला बदल दाखवणारं राजपत्र सोबत जोडल्यास ते जुनं ओळखपत्रही ग्राह्य धरता येतं. मात्र इथे एक मेख आहे. आपल्या विवाह प्रमाणपत्रावर वधूचं नाव बहुतेकदा लग्नाआधीचंच असतं. स्नेहल कदमचं लग्न अमेय जोशीशी झालं, एवढं ते सांगतं. ती आता स्नेहल अमेय जोशी हे नाव लावते, हे त्यात लिहिलेलं नसतं. त्यामुळे एखादी शाखा राजपत्राचा आग्रह धरू शकते. आधी आधार आणि पॅनवरचं नाव बदलून घेतलं तर हा प्रश्न बराच सुटतो. नाव बदललं तरी आधार क्रमांक, पॅन क्रमांक आणि जन्मतारीख तीच राहते. हे तीन धागे आणि विवाह प्रमाणपत्र एकत्र ठेवलं, की जुनं आणि नवं नाव एकाच व्यक्तीचं आहे हे उघड होतं.

म्हणून क्रम असा ठेवावा: विवाह प्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन आणि शेवटी बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा अर्ज भरताना इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांत तेल घालून तपासावं. मधलं नाव नवऱ्याच्या स्वतःच्या आधारवर जसं आहे, अगदी तसंच लिहावं. त्याच्या आधारवर AMEYA असेल आणि तिच्या अर्जात AMEY पडलं, तर पुढे प्रत्येक ठिकाणी त्या एका अक्षराचा खुलासा करत बसावं लागेल. पॅनकार्डावर वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो. लग्नानंतरही तिथे वडिलांचंच नाव राहतं, नवऱ्याचं टाकायचं नसतं.

पत्र लिहिण्याआधी बँकेतली सगळी खाती कागदावर मांडावीत. बँक प्रत्येक ग्राहकाला एक ग्राहक क्रमांक देते. त्याला कुठे सीआयएफ म्हणतात, कुठे कस्टमर आयडी. नाव या क्रमांकावर बदललं, की त्याला जोडलेल्या खात्यांवर आपोआप बदलतं. अडचण येते ती एकाच बँकेत एकाच व्यक्तीचे दोन क्रमांक असले तर. स्नेहलचंच घ्या. ती शाळेत असताना वडिलांनी तिच्या नावाने एक खातं उघडलं होतं, पुढे त्यातच एक मुदत ठेव केली. नोकरी लागल्यावर त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत कंपनीने पगाराचं खातं उघडून दिलं, तेव्हा नवा क्रमांक पडला. तिने पगाराच्या शाखेत जाऊन नाव बदललं, तर वडिलांनी केलेली ठेव कदमच्याच नावावर राहील आणि ते तिला ठेवीची मुदत संपेपर्यंत कळणारही नाही. क्रेडिट कार्ड, कर्ज आणि डीमॅट खात्यांच्या नोंदीही पुष्कळदा वेगळ्या यंत्रणेत असतात. म्हणून ‘माझ्या सर्व खात्यांवर नाव बदलावे’ एवढं मोघम वाक्य पुरत नाही. पत्रात खात्यांची यादी द्यावी लागते.

स्नेहलचं पत्र साधारण असं होईल:

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचं आणि शाखेचं नाव)

विषय: विवाहानंतर माझ्या सर्व खात्यांवरील नावात बदल करण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी आपल्या बँकेची ग्राहक असून माझी खाती SNEHAL VIJAY KADAM या नावाने आहेत. माझा विवाह झाला असून मी आता SNEHAL AMEY JOSHI हे नाव लावते. माझ्या आधार आणि पॅनवर हेच नाव आहे. माझी जन्मतारीख, पॅन क्रमांक आणि मोबाइल क्रमांक यांत बदल नाही.

माझ्या नावे आपल्या बँकेत दोन ग्राहक क्रमांक आहेत. त्याखालील खाती अशी:
१. पगाराचे बचत खाते
२. वडिलांसोबतचे संयुक्त बचत खाते, ज्यात मी दुसरी खातेदार आहे
३. एक मुदत ठेव
४. क्रेडिट कार्ड
५. लॉकर
(प्रत्येकापुढे क्रमांक आणि शाखा)

कृपया वरील सर्व ठिकाणी माझे नाव बदलावे आणि दोन्ही ग्राहक क्रमांक एकत्र करावेत. मुदत ठेव न मोडता, तिचा व्याजदर आणि मुदतीची तारीख कायम ठेवून नव्या नावाने पावती द्यावी. यापुढे मी नवी सही करणार असून नमुना सही सोबतच्या फॉर्मवर दिली आहे. जुन्या सहीने मी दिलेले दोन चेक अजून वटायचे आहेत. त्यांचे क्रमांक खाली दिले आहेत, ते वटेपर्यंत जुनी सही ग्राह्य धरावी. नवे चेकबुक आणि डेबिट कार्ड नव्या नावाने द्यावे.

सोबत विवाह प्रमाणपत्र, आधार आणि पॅन यांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडल्या आहेत. मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी आणली आहेत. कृपया या पत्राची पोच द्यावी.

आपली विश्वासू,
(जुनी सही)   (नवी सही)

पत्र मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. नाव मात्र रोमन लिपीत, आधार-पॅनवर आहे तसं द्यावं, कारण संगणकात ते तसंच भरलं जातं. बँकेचा छापील फॉर्म भरावा लागतोच, पण त्यात ठेव, लॉकर, दुसरा ग्राहक क्रमांक या गोष्टी मावतीलच असं नाही. त्या पत्रात येतात, म्हणून फॉर्म भरूनही पत्र द्यावं.

यातला सहीचा परिच्छेद बऱ्याच जणी विसरतात. नाव बदलणं आणि सही बदलणं ही बँकेच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत. जुनीच सही चालू ठेवायची असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहावं. नवी करायची असेल तर आधी दिलेले चेक आणि कागदावर सही करून दिलेले हप्त्यांचे आदेश आठवून पाहावेत. सही जुळली नाही म्हणून चेक परत आला तर त्याचा दंड खातेदारालाच बसतो. लॉकरच्या करारावर आणि नमुना कार्डावरही जुनी सही असते, ती तिथे वेगळी बदलून घ्यावी.

संयुक्त खात्याबाबत घरात उगाच शंका येतात. मुलीचं नाव बदललं म्हणून वडिलांच्या हक्कात किंवा खातं चालवण्याच्या पद्धतीत फरक पडत नाही, फक्त तिच्या नावाची नोंद बदलते. काही शाखा त्यासाठी सर्व खातेदारांच्या सह्या मागतात, म्हणून वडिलांची सही आधीच घेऊन ठेवली तर फेरा वाचतो.

नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनी, हा विषय या पत्राने सुटत नाही. लग्नाआधी आई नॉमिनी असेल तर नाव बदलल्यावरही आईच राहते. बदल हवा असेल तर वेगळा फॉर्म द्यावा लागतो. याची दुसरी बाजू आणखी महत्त्वाची आहे. आईवडिलांच्या खात्यांवर नॉमिनी म्हणून मुलीचं जुनं नाव लिहिलेलं असतं. तिच्या पत्राने ते बदलत नाही, आईवडिलांनाच ते बदलून घ्यावं लागतं. त्यांनी ते केलं नाही तरी तिचा हक्क जात नाही, पण दुःखाच्या दिवसांत तिला विवाह प्रमाणपत्र घेऊन खेटे घालावे लागतात.

शाखेत मूळ कागद दाखवून प्रती पडताळून घ्याव्यात आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्यावा. काही दिवसांनी पासबुक, नेटबँकिंगमधलं नाव आणि ठेवीची पावती तपासावी. आणखी एक सोपी परीक्षा आहे. १ एप्रिल २०२५ पासून नेटबँकिंगवर एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठवताना समोरच्या खात्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसण्याची सोय आहे. बहिणीला किंवा मैत्रिणीला आपलं प्रत्येक खातं तिच्या नेटबँकिंगमध्ये जोडायला सांगावं. जे नाव तिला दिसेल, तेच बँकेकडे आहे. शेवटी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर बँक खात्याची पडताळणी पुन्हा करून घ्यावी, कारण परतावा त्याच खात्यात येतो आणि तिथलं नाव पॅनशी जुळावं लागतं.

पत्र देऊनही काम झालं नाही, तर त्याच बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा मिळालेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. तेव्हा शिक्का मारलेली ती दुसरी प्रत उपयोगी पडते.

नाव बदलायचं की नाही, हा निर्णय पूर्णपणे त्या मुलीचा आहे आणि दोन्ही निर्णय कायद्याने सारखेच योग्य आहेत. निर्णय पक्का होईपर्यंत जुन्या नावानेच व्यवहार सुरू ठेवावेत, त्यात काहीही चूक नाही. पण बदलायचं ठरलं, तर एकाही खात्यावर जुनं नाव मागे ठेवू नका. पत्र लिहायला बसण्याआधी आईवडिलांना एकदा जरूर विचारा, ‘माझ्या नावाने तुम्ही कुठे कुठे काय काय ठेवलं आहे?’ राहून गेलेली ठेव बहुतेकदा त्यांच्याच आठवणीत सापडते.