नमुन्याचा चौथा भाग : अन्न तपासणीतील जप्तीचे अधिकार आणि त्यांवरील अंकुश

सणासुदीच्या तोंडावर मिठाईच्या दुकानांवर आणि खव्याच्या गोदामांवर तपासणी सुरू झाली की बातमी बहुधा किती किलो माल जप्त झाला एवढ्यावरच संपते. त्या मालाचे पुढे काय होते आणि जप्ती चुकीची ठरली तर दुकानदाराच्या हाती काय उरते, याची उत्तरे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये आहेत. यातील सर्वांत मोलाची तरतूद मात्र अधिकारी दुकानात असतानाच वापरावी लागते.

या कायद्याच्या कलम ३८ नुसार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला अन्नपदार्थ तयार होणाऱ्या, साठवल्या जाणाऱ्या किंवा विकल्या जाणाऱ्या जागेत प्रवेश करून तपासणी करता येते. तो नमुना घेऊ शकतो, कायद्याचा भंग करणारा वाटणारा माल जप्त करू शकतो किंवा तोच माल दुकानदाराच्या ताब्यात सुरक्षित ठेवण्यास सांगू शकतो. माल दुकानदाराकडेच राहणार असेल तर त्याच्या किमतीइतके हमीपत्र मागता येते. मात्र हिशेबाच्या वह्या जप्त करण्यासाठी वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते आणि नकला काढून त्या ३० दिवसांच्या आत परत कराव्या लागतात.

उदाहरणादाखल एका दुकानात ४० किलो खवा आहे आणि त्यात स्टार्च मिसळल्याचा अधिकाऱ्याला संशय आहे, असे मानू. प्रथम त्याला नमुना विश्लेषणासाठी घेत असल्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि बाजारभावाने नमुन्याची किंमत चुकती करावी लागते. कारवाईच्या वेळी एक किंवा अधिक साक्षीदार बोलावून त्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. त्यानंतर कलम ४७ प्रमाणे नमुन्याचे चार भाग करून प्रत्येक भाग सीलबंद केला जातो आणि त्यावर दुकानदाराची सही किंवा अंगठा घेतला जातो.

एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवले जातात. चौथा भाग दुकानदाराने मागणी केल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. त्या तपासणीचा खर्च दुकानदाराचा. दोन्ही अहवालांत तफावत आढळली तर राखून ठेवलेला एक भाग रेफरल प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निष्कर्ष अंतिम मानला जातो. म्हणजेच एकाच अहवालाच्या बळावर दुकानदार दोषी ठरू नये, अशी ही रचना आहे. परंतु दडपणाखाली किंवा घाईत मागणी राहून गेली, तर स्वतंत्र तपासणीची ही सर्वांत सोपी वाट बंद होते. म्हणून मागणी तोंडी न करता जागेवरच लेखी करून तिची पोच घेणे हिताचे.

यानंतरही एक मार्ग उरतो. नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत विश्लेषकाने अहवाल द्यायचा असतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांच्या आत दुकानदाराला पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अहवालातील शब्दही महत्त्वाचा असतो. पदार्थ ‘कमी दर्जाचा’ ठरल्यास प्रकरण न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जाते आणि दंड ५ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. ‘असुरक्षित’ ठरल्यास मात्र फौजदारी खटला चालतो आणि तुरुंगवासही होऊ शकतो. ज्या व्यापाऱ्याच्या मालात स्टार्च असेल पण तो अपायकारक नसेल, त्याच्यासाठी या दोन शब्दांतील अंतर फार मोठे आहे.

अधिकाऱ्याने वाजवी कारणाशिवाय, केवळ त्रास देण्यासाठी जप्ती केल्यास कलम ३९ नुसार त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हे हत्यार दुधारी आहे. तक्रार खोटी ठरली तर तक्रारदारालाच किमान ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्यामुळे नोटीस, साक्षीदारांच्या सह्या आणि सीलच्या स्थितीची नोंद हातात नसताना केलेली तक्रार टिकणे कठीण असते.

या सर्व रक्षणांची खरी मर्यादा काळाची आहे. खवा काही दिवसांत खराब होतो, तर अहवालासाठी कायद्यानेच दोन आठवडे दिले आहेत. माल खाण्यास अयोग्य झाला तर लेखी नोटीस देऊन तो नष्ट करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. म्हणजे अहवाल दुकानदाराच्या बाजूने लागला तरी ४० किलो खवा परत मिळत नाही. दुसरीकडे, संशयित माल तसाच विकू दिला तर धोका ग्राहकाच्या पोटाला. नमुना घेऊन माल दुकानदाराच्याच ताब्यात ठेवण्याचा पर्याय काही वेळा जप्तीपेक्षा सौम्य ठरतो. पण लवकर नासणाऱ्या पदार्थात तोही नुकसान टाळू शकत नाही. अशा वेळी कारवाई न्याय्य होती की नाही, हे ठरवणारा पुरावा माल नसतो. तो असतो चार सीलबंद बरण्या आणि त्यांच्यासोबत लिहिली गेलेली कागदपत्रे.