लघवीत जिवाणू सापडले, पण आजार कुठे आहे?

अडुसष्ट वर्षांच्या एक आजी गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या आहेत. मधुमेह आहे, बाकी तब्येत चांगली. नेहमीच्या तपासण्यांबरोबर लघवीचं कल्चरही पाठवलं गेलं आणि रिपोर्ट आला: ई. कोलाय, एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त. सिप्रोफ्लोक्सासिन, सेफ्ट्रायॅक्झोन निष्प्रभ. मेरोपेनेम, नायट्रोफ्युरँटॉइन चालेल. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर मेरोपेनेमची इंजेक्शनं लिहायला घेतो.

मेडिसिनच्या एका ज्येष्ठ डॉक्टरबाईंनी आपल्या निवासी डॉक्टरांपुढे हेच उदाहरण ठेवलं. कोणतंही अँटिबायोटिक लिहिण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारा, असं त्यांचं सांगणं. बराचसा वेळ पहिल्याच प्रश्नात गेला, आणि तो जायलाच हवा होता: जिवाणूंमुळे झालेला आजार खरंच आहे का?

"आजींना जळजळ होते का? वारंवार जावं लागतं का? ताप, थंडी, कमरेच्या वर बाजूला दुखणं?" यातलं काहीच नव्हतं. मूत्राशयात जिवाणू असूनही काही त्रास नसणं वयस्कर बायकांमध्ये नेहमी आढळतं, मधुमेह असेल तर अधिकच. लघवीत पू-पेशी दिसल्या तरी तेवढ्यावरून आजार ठरत नाही. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाचं आवरण दुखावणाऱ्या शस्त्रक्रिया सोडल्या, तर अशा निव्वळ जिवाणूंवर साधारणपणे उपचार करत नाहीत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधीही नाही. ती तपासणीच मुळात मागवायला नको होती.

"देऊन टाकू, बिघडलं काय?" हा विचार इथे घातक ठरतो. औषध आतड्यातही पोचतं. तिथले औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात, दाद न देणारे उरतात आणि रिकाम्या जागेत वाढतात. मूत्राशयात शिरणारे ई. कोलाय बहुतेक वेळा त्याच आतड्यातून येतात. म्हणून पुढच्या वेळी आजींना खरोखर त्रास झाला, तर तो बरा करणं अवघड होऊन बसतं. आजींना मेरोपेनेम द्यायचं नाही, असं ठरलं.

आता समजा, महिन्याभराने आजी परत आल्या. दोन दिवस लघवीला जळजळ, सारखं जावं लागतंय, ताप नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता 'हो' आहे. दुसरा प्रश्न: आजार नेमका कुठे? लक्षणं मूत्राशयाची आहेत, मूत्रपिंडाची नाहीत. तिसरा: पहिल्या डोसआधी नमुना घेतला का? औषध पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जिवाणू वाढेलच असं नाही. नमुना मधल्या धारेचा हवा आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायला हवा. वॉर्डातल्या टेबलावर राहिलेल्या बाटलीत जिवाणू वाढत राहतात आणि आकडा फुगतो. मात्र रक्तदाब खाली गेलेला, जंतुसंसर्गाने कोसळलेला रुग्ण असेल, तर रक्ताचं कल्चर झटपट घ्यायचं, पण त्यासाठी औषध अडवून ठेवायचं नाही.

चौथा प्रश्न मला सर्वांत शिकवणारा वाटला: हे औषध तिथवर पोचेल का, आणि या माणसाला सोसेल का? नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, मूत्रपिंडाच्या पेशींत मात्र पुरेसं मुरत नाही. त्यामुळे आजींच्या जळजळीला ते उत्तम. त्याच आजींना थंडी वाजून ताप असता, कंबर दुखत असती, तर रिपोर्टवर 'चालेल' लिहिलेलं असूनही ते कुचकामी ठरलं असतं. प्रयोगशाळेला जिवाणू माहीत असतो. तो शरीरात कुठे बसला आहे, हे रुग्णाजवळ बसलेल्या डॉक्टरलाच कळतं. शिवाय मूत्रपिंडं फार मंदावलेली असतील तर हे औषध टाळतात, म्हणून क्रिएटिनिन आधी बघायचं. पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली, गेल्या तीन महिन्यांत कोणती अँटिबायोटिक्स झाली, हेही विचारायचं. घरच्यांनी जुन्या चिठ्ठ्या सोबत आणल्या, तर इथे फार मदत होते.

आजींचं क्रिएटिनिन ठीक होतं. दीर्घ परिणामाचं नायट्रोफ्युरँटॉइन, शंभर मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

पाचवा प्रश्न: थांबवायचं कधी? ही तारीख पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहायची. आजींसाठी पाच दिवस. कल्चरचा निकाल दोन-तीन दिवसांत येतो, तेव्हा पुन्हा बघायचं: निवडलेलं औषध लागू पडतंय ना, त्रास कमी झाला ना. जळजळ वाढली, ताप आला, तर दुसऱ्या प्रश्नाकडे परत जायचं. आणि पाच दिवसांनी आजी बऱ्या वाटत असतील, तर खात्रीसाठी म्हणून पुन्हा कल्चर पाठवायचं नाही. त्यात जिवाणू दिसू शकतात, आणि पुन्हा कुणीतरी मेरोपेनेम लिहायला घेईल.