स्थिर खर्चातील दोन तफावती आणि त्यांचे वाचन

कारखान्याच्या मासिक अहवालात ‘प्रतिकूल तफावत’ हे शब्द वारंवार येतात. त्यांचा नेमका अर्थ एका उदाहरणावरून समजून घेऊ.

समजा, पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याचे भाडे, पर्यवेक्षकांचे पगार, विमा व घसारा मिळून महिन्याचा अंदाजित स्थिर खर्च ६,००,००० रुपये आहे. उत्पादन कमी झाले वा वाढले, तरी हा खर्च सहसा बदलत नाही. ३,००० नगांचे नियोजन असल्याने प्रत्येक नगावर २०० रुपये आकारायचे ठरले. प्रत्यक्षात २,५०० नग झाले आणि खर्च ६,२०,००० रुपये आला. नगांवर ५,००,००० रुपयेच आकारले गेले; म्हणजे १,२०,००० रुपये आकारायचे राहिले.

या रकमेचे दोन भाग पडतात. प्रत्यक्ष आणि अंदाजित खर्चातील २०,००० रुपयांचा फरक ही खर्चाची तफावत. हे पैसे अंदाजापेक्षा खरोखरच जास्त खर्च झाले आहेत. म्हणून व्यवस्थापकाने एकूण आकड्यावर न थांबता बाब-बाब पाहावी. विम्याचा हप्ता वाढला असेल, तर तो त्याच्या हातात नसतो. रखवालदारांची संख्या वाढली असेल, तर त्याचे कारण त्याला सांगता आले पाहिजे. ही तफावत अनुकूल असली तरी संशय घ्यावा. यंत्रांची ठरलेली देखभाल पुढे ढकलूनही खर्च ‘वाचतो’.

उरलेले १,००,००० रुपये म्हणजे न झालेले ५०० नग गुणिले २०० रुपये. ही परिमाणाची तफावत. अहवाल लिहिणारे येथे हमखास ‘एक लाखाचे नुकसान झाले’ असे लिहितात. ते चूक आहे. कारखान्याच्या तिजोरीतून या कारणाने एक रुपयाही जादा गेलेला नाही. ‘नियोजित क्षमतेपैकी ५०० नगांइतकी क्षमता वापरली गेली नाही’ एवढेच हा आकडा सांगतो.

खरे नुकसान मोजायचे, तर मागणी होती का, हे आधी विचारावे लागते. नगाची किंमत ९०० रुपये आणि कच्चा माल, वीज इत्यादी बदलता खर्च ५५० रुपये धरू. मागणी हाती असूनही यंत्र बंद पडल्याने ५०० नगांची विक्री कायमची हुकली असेल, तर नगामागे ३५० याप्रमाणे १,७५,००० रुपये गेले; तफावतीने दाखविले त्याहून जास्त. मागणीच नसेल, तर उत्पादन थांबविणे हाच शहाणपणा होता.

तफावत प्रतिकूल दिसू नये म्हणून काही व्यवस्थापक मागणीविना ते ५०० नग करून टाकतात. मग परिमाणाची तफावत शून्य होते, त्या महिन्याचा नफाही कागदावर वाढतो. मात्र २,७५,००० रुपयांचा बदलता खर्च गोदामात अडकून पडतो. म्हणून ही तफावत वाचताना शेजारी तयार मालाचा साठा आणि हाती असलेल्या मागण्यांची यादी ठेवावी. साठा वाढत असताना तफावत अनुकूल होत गेली, तर विक्री विभागाला प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे असे समजावे.