शिल्लक साठवायची की व्यवहार?

पगाराच्या खात्यात 1 तारखेला 20,000 रुपये जमा झाले. 3 तारखेला एटीएममधून 5,000 काढायला गेलात. यंत्र घरघरलं, नोटा आल्या नाहीत, पण पैसे वजा झाल्याचा मेसेज मात्र आला. 5 तारखेला 1,200चं वीजबिल गेलं. 7 तारखेला बँकेने ते 5,000 परत केले. आता खात्यात किती? 18,800.

एखाद्या साध्या सॉफ्टवेअरने या खात्यासाठी एकच ओळ ठेवली असेल, तर तिथे एवढंच दिसेल: शिल्लक 18,800. प्रत्येक व्यवहारात जुना आकडा पुसून नवा लिहिला गेला. आकडा बरोबर आहे, पण तो कसा आला हे विचारायची सोय उरली नाही. आणि बँकेला नेमकं तेच विचारलं जातं. फसलेल्या एटीएम व्यवहाराचे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत परत करा, त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला 100 रुपये भरपाई द्या, असा रिझर्व्ह बँकेचा 2019चा नियम आहे. दिवस मोजायचे तर वजा कधी झाले आणि परत कधी आले, दोन्ही हवं. बचत खात्यावरचं व्याजही 1 एप्रिल 2010पासून रोजच्या शिलकेवर काढतात. आजच्या एका आकड्यावरून मागच्या तीस दिवसांच्या शिलका कुठून आणणार?

इव्हेंट सोर्सिंग हा विचार इथून सुरू होतो. शिल्लक साठवायचीच नाही. जे घडलं ते ओळीने लिहीत जायचं आणि शिल्लक त्यावरून काढायची. आपल्या खात्याची वही अशी दिसेल:

```
1  खाते उघडले
2  जमा 20,000       (1 तारीख)
3  एटीएम वजा 5,000  (3 तारीख)
4  वीजबिल 1,200     (5 तारीख)
5  उलट नोंद 5,000   (7 तारीख, नोंद 3 बद्दल)
```

यातली कुठलीही ओळ नंतर खोडायची नाही, बदलायची नाही. तिसरी नोंद चुकीची ठरली तरी ती तशीच राहते. चूक दुरुस्त होते ती पाचव्या नोंदीने. जमाखर्च लिहिणाऱ्या मुनिमाला यात नवल वाटणार नाही, तो उलट नोंद टाकूनच वाढला. पाचवी नोंद कोणत्या नोंदीबद्दल आहे हेही तिथेच लिहिलेलं असल्यामुळे ते 5,000 तीन तारखेपासूनच खात्यात होते असं धरून व्याजाचा हिशेब दुरुस्त करता येतो.

नोंद होण्याआधी काय होतं, ते जास्त रंजक आहे. ‘12,000 द्या’ ही विनंती झाली, तिला कमांड म्हणतात. ती नाकारता येते. ‘12,000 दिले’ ही घटना, म्हणजे इव्हेंट. ती घडून गेली, आता नाकारायचं काय? कमांड आली की प्रणाली त्या खात्याच्या पाचही नोंदी वाचते, बेरीज-वजाबाकी करून 18,800 काढते, पुरेसे आहेत हे पाहते आणि मगच सहावी नोंद लिहिते.

समजा खातं नवराबायकोचं संयुक्त आहे आणि दोघांनी दोन दुकानांत एकाच क्षणी 12,000चं यूपीआय केलं. दोन्ही विनंत्यांनी पाच नोंदी वाचल्या, दोन्हींना 18,800 दिसले, दोन्हींना वाटलं पैसे आहेत. पण लिहिताना प्रत्येकीला सांगावं लागतं, ‘मी पाच नोंदी पाहिल्या, माझी सहावी.’ पहिलीची सहावी लागली. दुसरी आली तेव्हा सहावा क्रमांक भरलेला होता; तिला परत पाठवलं. तिने पुन्हा वाचलं, शिल्लक 6,800 निघाली आणि व्यवहार नाकारला गेला. सगळी मदार त्या एका क्रमांकावर आहे.

दहा वर्षं जुन्या खात्याच्या हजारो नोंदी दर वेळी वाचायच्या का? नाही. ठरावीक नोंदींनंतर ‘इथवर शिल्लक इतकी’ असा टप्पा बाजूला लिहून ठेवतात, त्याला स्नॅपशॉट म्हणतात, आणि त्यापुढच्याच नोंदी वाचतात.

अडचण वेगळीच येते. शाखाधिकारी विचारतात, ‘आज आपल्या शाखेत 50,000च्या वर कोणी कोणी काढले?’ नोंदी तर खातेवार आहेत. प्रत्येक वही उघडून बघावी लागेल. म्हणून लिहिण्याची आणि वाचण्याची व्यवस्थाच वेगळी करतात. ती सीक्यूआरएस, म्हणजे कमांड क्वेरी रिस्पॉन्सिबिलिटी सेग्रिगेशन. हे नाव ग्रेग यंग या प्रोग्रामरमुळे 2010च्या सुमारास रूढ झालं. लिहिणारी बाजू फक्त नोंदी करते. वाचणारी बाजू त्याच नोंदी पाहून तयार तक्ते ठेवते: पासबुकासाठी एक, शाखाधिकाऱ्यांसाठी दुसरा. तक्ता बिघडला तर फेकून द्यायचा आणि नोंदींवरून पुन्हा बांधायचा. उद्या नवा प्रश्न आला तर नवा तक्ता जुन्या नोंदींवरूनही भरता येतो. माझ्या मते या पद्धतीची खरी कमाई हीच.

किंमतही इथेच मोजावी लागते. तक्ता नोंदीच्या किंचित मागे चालतो. पैसे पाठवले, ॲपवर जुनीच शिल्लक दिसली, म्हणून माणूस पुन्हा बटण दाबतो. त्यासाठी प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक द्यावा लागतो, म्हणजे तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर ओळखता येते. आणि पैसे द्यायचे की नाही, हा निर्णय तक्त्यातली शिल्लक पाहून कधीच घ्यायचा नाही. हा नियम मोडला की वरचं नवराबायकोचं उदाहरण बँकेच्या तोट्यात संपतं.

तक्ता पुन्हा बांधतानाही सांभाळावं लागतं. त्याच कोडमध्ये मेसेज पाठवायची ओळ असेल, तर सगळ्या ग्राहकांच्या फोनवर दोन वर्षांपूर्वीचे ‘पैसे वजा झाले’ येऊन धडकतील. पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीत आजचे रकाने नसतात, तरी ती आजच्या कोडला वाचता आली पाहिजे. आणि नोंद पुसायची नाही म्हटल्यावर ‘माझी माहिती काढून टाका’ म्हणणाऱ्याचं काय करायचं? त्यासाठी वैयक्तिक माहिती नोंदींबाहेर ठेवतात, किंवा माणसागणिक वेगळ्या किल्लीने कुलूपबंद करून वेळ आली की किल्लीच नष्ट करतात.

एवढा संसार सोसायटीच्या मेंटेनन्स ॲपला हवा का? मुळीच नको. तिथे पावत्यांचा एक साधा तक्ता पुरतो. सदस्याचा बदललेला फोन नंबर, वाचनालयातली पुस्तकांची यादी, डब्यांच्या ऑर्डरी, यांत आज काय आहे एवढंच कामाचं असतं. बदल कोणी केला हे हवंच असेल तर बाजूला इतिहासाचा तक्ता ठेवा. पैशांच्या छोट्या हिशेबातही व्यवहाराची नोंद आणि शिल्लक एकाच डेटाबेस व्यवहारात लिहिली की बहुतेक काम भागतं. मार्टिन फाउलर यांनी 2011 सालीच बजावलं होतं की बहुतेक प्रणालींत सीक्यूआरएसमुळे धोकादायक गुंतागुंत वाढते.

तुमच्या कामासाठी कोणी ही पद्धत सुचवली, तर त्याला एकच विचारा: ‘हा आकडा इथवर कसा आला?’ हा प्रश्न आमच्याकडे कोण विचारतं आणि किती वेळा? नाव सांगता आलं, ऑडिटर, ग्राहक, न्यायालय, तर प्रणालीच्या तेवढ्याच भागात ती वापरा. नाव सांगता आलं नाही, तर साधा तक्ताच ठेवा.