पाहतो कोण, सांगतो कोण? (‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेच्या निमित्ताने)

मंडळी, आज एकच गोष्ट समजून घ्यायची आहे. कथेत बोलणारा एक असतो आणि पाहणारा दुसरा असू शकतो. ऐकायला सोपं वाटते, पण वाचताना आपण सगळे इथंच घसरतो.

आधी अकोटातलंच एक उदाहरण घेऊ. वाक्यं माझीच आहेत, कोण्या पुस्तकातली नाहीत. ‘बाईनं ओट्यावरून पाहिलं. पिंपळाखालून कोणीतरी येत होतं. चाल ओळखीची वाटली.’ आता सांगा, हे कोण सांगतंय? बाई नाही. बाई स्वतःला ‘बाई’ म्हणणार नाही. सांगणारा निवेदक आहे, तो कथेबाहेर उभा आहे. पण येणारा माणूस ‘कोणीतरी’ कोणासाठी आहे? निवेदकाला तर त्याचं नाव-गाव, गोत्र, सगळं ठाऊक असणार. ‘कोणीतरी’ हा शब्द बाईच्या डोळ्याचा आहे. तोंड निवेदकाचं, डोळा बाईचा. जेरार जेनेत या फ्रेंच अभ्यासकानं १९७२ मध्ये हाच फरक नीट मांडला आणि त्याला फोकलायझेशन हे नाव दिलं. आपण ‘दृष्टिकेंद्र’ म्हणू. त्याच्या आधी ‘दृष्टिकोन’ या एकाच शब्दात दोन्ही गोष्टी कोंबल्या जात होत्या. मराठी समीक्षेत अजूनही बऱ्याचदा जातात.

डोळा कोणाचा हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे, रोलाँ बार्थची. तृतीयपुरुषी वाक्य प्रथमपुरुषात करून पाहायचं. ‘मी ओट्यावरून पाहिलं. पिंपळाखालून कोणीतरी येत होतं.’ वाक्य सहज चाललं, म्हणजे डोळा तिचाच. आता दुसरं वाक्य घ्या: ‘बाई ओट्यावर उभी होती, तिचा चेहरा काळजीनं उतरलेला दिसत होता.’ याचं करा, ‘माझा चेहरा उतरलेला दिसत होता’. अडखळलं न? स्वतःचा चेहरा स्वतःला कसा दिसेल? म्हणजे इथं पाहणारा बाहेरचा आहे. उद्धव शेळक्यांची ‘धग’ घरी असेल तर कौतिकच्या एखाद्या पानावर हे करून पाहा. निवेदक कौतिक नाही, पण डोळा किती वेळा तिच्याकडे जातो ते मोजा.

खरी पंचाईत होते प्रथमपुरुषी कथेत. तिथं ही युक्ती चालत नाही, कारण सगळं आधीच ‘मी’मध्ये आहे. म्हणून मी आज बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा घेतली. संग्रहाचं नावही तेच, साल १९६३. गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईचा एक दलित तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. तिथं रणछोड नावाचा कामगार त्याला जात विचारतो. तरुण उलट ताठ्यानं बोलतो, त्यामुळे रणछोड त्याला वरच्या जातीचा समजतो आणि आपुलकीनं वागू लागतो. राहायची सोय होते, मान मिळतो. रामचरण नावाचा माणूस त्याच्या कवितेवर खूश आहे. तिकडे काशिनाथ सकपाळ नावाचा दुसरा दलित कामगार आपली जात लपवत नाही आणि त्याची किंमत मोजतो. शेवटी तरुणाची जात उघड होते, ज्यांनी मान दिला तेच त्याला मारतात आणि काशिनाथ येऊन त्याला सोडवतो.

आता यात ‘मी’ किती आहेत? दोन. एक जो तेव्हा तिथं होता, रणछोडच्या आपुलकीनं सुखावला, धास्तावला, जात सांगावी की नाही या घोळात पडला. दुसरा जो नंतर बसून सांगतो आहे. सांगणाऱ्याला शेवट ठाऊक आहे, अनुभवणाऱ्याला नाही. मुंडक उपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. पण तिथला पाहणारा पक्षी अलिप्त आहे. इथला सांगणारा ‘मी’ मार खाल्लेलाच आहे, फक्त मार खाऊन काळ लोटला आहे. म्हणून या कथेत प्रत्येक वाक्याला विचारायचं की हे तेव्हाच्या ‘मी’ला ठाऊक होतं का? असेल तर डोळा तेव्हाचा असू शकतो. नसेल तर डोळा नंतरचा, हे पक्कं. रणछोड चांगला माणूस वाटतो तोवर आपणही त्याला चांगला मानतो, कारण डोळा तेव्हाच्या तरुणाकडे आहे. सांगणाऱ्यानं पहिल्याच भेटीत ‘हाच मला पुढे मारणार’ असं म्हटलं असतं, तर रणछोडचं प्रेम वाचताना आपल्याला जी भीती वाटते ती वाटलीच नसती. आपण त्याला तेव्हाच ढोंगी ठरवून मोकळे झालो असतो. पण तो ढोंगी नाहीच. त्याची आपुलकी खरी आहे, आणि ती एका समजुतीवर टांगलेली आहे. हे कळायला तेव्हाचाच डोळा लागतो.

आता शीर्षक. ‘होती’ हा शब्द सांगतो की बोलणारा नंतरचा आहे. पण ‘चोरली’ हा शब्द कोणाचा? विद्यार्थी इथं ठामपणे लिहितात, निवेदकाला स्वतःचं वागणं चोरी वाटतं. काही तर थेट लेखकावर जातात. जरा थांबा. मराठीत अंग चोरतात, काम चोरतात. म्हणजे जे दुसऱ्याला देणं लागतो ते राखून ठेवायचं. कामचोर माणूस मालकाचं काही उचलून नेत नाही, मालकाला जे हवं ते देत नाही. मग जात ‘चोरली’ म्हणजे ती सांगणं कोणाचं तरी देणं होतं! कोणाचं? जो विचारतो त्याचं. रणछोडच्या नजरेत प्रत्येकानं आपली जात हजर करायची असते, ती न देणारा चोर. तोंड त्या तरुणाचं आहे, पण या शब्दातला डोळा त्याला मारणाऱ्यांचा आहे. सांगणारा त्यांचा शब्द आपल्या तोंडात घेऊन आपल्यासमोर धरतो.

हे किती नाजूक आहे ते भाषांतरात कळतं. जेरी पिंटो यांच्या २०१८च्या इंग्रजी अनुवादाचं शीर्षक आहे ‘व्हेन आय हिड माय कास्ट’, म्हणजे ‘लपवली’. इंग्रजीत दुसरं काय करणार, तिथं ‘अंग चोरणं’ नाही. अनुवाद चुकीचा म्हणत नाही मी. पण ‘लपवली’मध्ये एकच डोळा उरतो, लपवणाऱ्याचा. देणं मागणारा गायब होतो. एक मर्यादाही सांगून ठेवतो. ‘जात चोरणं’ हा बोलण्यातलाच प्रयोग आहे, तेव्हा एकट्या शब्दावर सगळा डोलारा उभा करू नये. कथेत विचारणारा कोण आहे आणि न सांगितल्याची शिक्षा कोण देतो, हे पाहूनच मी वरचं म्हटलं.

आता काशिनाथ. त्याच्या मनात कथा कधी शिरत नाही, शिरूच शकत नाही, कारण सांगणारा ‘मी’ आहे. काशिनाथ आपल्याला फक्त बाहेरून दिसतो, त्याचा राग, त्याचा चाकू. आणि तरी तो शेवटी असा प्रश्न विचारतो की तू यांचा मार खाल्लास कसा? तरुणाचं उत्तर असं की मारणारे हे लोक नव्हतेच, मारलं ते मनूनं. वाचणारे या उत्तरावर फार भाषणं करतात. मला विचाराल तर आधी एवढंच पाहा की हे उत्तर संवादात आहे, निवेदनात नाही. म्हणजे ते नंतर सुचलेलं शहाणपण नव्हे, त्याच क्षणी, अंगावर वळ असताना उच्चारलेलं आहे. कथाभर तेव्हाचा ‘मी’ समोरची माणसं पाहत होता, रणछोड, रामचरण. इथं पहिल्यांदा तो त्यांच्या पलीकडचं पाहतो, जे सांगणारा ‘मी’ आधीपासून जाणत होता. दोन ‘मी’ इथं एका जागी येतात, आणि त्यानंतर सांगणाऱ्याला सांगायला काही उरत नाही.